लहान कारखान्यासाठी कॅलिब्रेशन रजिस्टर: क्रमांक, देय दिनांक आणि स्थितीचे स्टिकर कसे ठरवावेत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका मशिनिंग कारखान्यात गुणवत्ता विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा कॅलिब्रेशन रजिस्टर म्हणून माझ्या हाती एक फाइल देण्यात आली. त्या फाइलमध्ये प्रमाणपत्रे तारखेप्रमाणे लावलेली होती. लेथवरच्या कामगाराच्या हातातला व्हर्नियर घेऊन त्याचे प्रमाणपत्र शोधायला बसलो, तर एकाच कंपनीचे, एकाच रेंजचे सहा व्हर्नियर निघाले आणि त्यांतले कोणते प्रमाणपत्र कोणत्या व्हर्नियरचे हे कोणालाच सांगता येईना. प्रमाणपत्रे सगळी होती, पण उपकरण आणि प्रमाणपत्र यांना जोडणारा धागाच नव्हता. पुढे साठ-पासष्ट उपकरणांचे रजिस्टर नव्याने उभे करताना ज्या चुका झाल्या आणि ज्या टाळता आल्या, त्या इथे क्रमाने मांडतो. उदाहरणे मशिन शॉपमधली आहेत, कारण मला तेच काम माहीत आहे.

आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत कलम 7.1.5.2 मध्ये उपकरणांबद्दल ज्या अपेक्षा आहेत, त्या थोडक्यात अशा: उपकरण ठरलेल्या मुदतीने किंवा वापरापूर्वी, राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय मानकाशी साखळीने जोडलेल्या मानकाशी पडताळलेले असावे, त्याची स्थिती ओळखता यावी, त्याची जुळणी कोणी बिघडवू नये, आणि ते बिघडलेले आढळल्यास आधी केलेली मोजमापे ग्राह्य आहेत की नाहीत हे तपासावे. रजिस्टरचा आराखडा करताना मी मुख्यतः या शेवटच्या अपेक्षेकडे पाहिले, कारण ती पूर्ण करता येईल असे रजिस्टर बांधले की बाकीच्या अपेक्षा त्यातच भागतात.

सुरुवातीला जवळ असावे असे साहित्य

- उपलब्ध सर्व प्रमाणपत्रे, जुनी असली तरी
- उपकरणांच्या खरेदीची बिले किंवा चलने
- तुमच्या भागांची ड्रॉइंग किंवा कंट्रोल प्लॅन
- एक्सेल किंवा तत्सम स्प्रेडशीट असलेला संगणक
- धातूवर अक्षरे कोरणारा एचिंग पेन
- पॉलिस्टर स्टिकर, त्यावर लावायची पारदर्शक फिल्म आणि न पुसणाऱ्या शाईचे पेन
- कुलूप लागणारे एक कपाट

1. आधी प्रत्यक्ष मोजदाद करा

जुन्या यादीवरून नवी यादी करू नका. एक पूर्ण दिवस काढून शॉप फ्लोअर, स्टोअर, तपासणीचे टेबल, मेंटेनन्सची पेटी आणि ऑफिसचे ड्रॉवर अशी फेरी मारा आणि जे उपकरण दिसेल ते कागदावर उतरवा. आमच्या मोजदादीत यादीबाहेरची अकरा उपकरणे निघाली. त्यांत कंप्रेसरवरचे दोन प्रेशर गेज होते आणि एका अनुभवी कामगाराने स्वतःच्या पैशाने घेतलेला व्हर्नियरही होता. असा खासगी व्हर्नियर हा सर्वांत अवघड प्रश्न असतो, कारण तो चांगल्या हेतूने आणलेला असतो आणि त्याच्यावर त्या माणसाचा विश्वास असतो. तो रजिस्टरमध्ये घ्यावा किंवा घरी न्यायला सांगावा. तिसरा मार्ग ठेवला, तर ज्या उपकरणाची नोंदच नाही त्यावर माल पास होत राहतो.

या फेरीत प्रत्येक उपकरणाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: याच्या वाचनावरून माल स्वीकारला, नाकारला किंवा प्रक्रिया बदलली जाते का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला कॅलिब्रेशन हवे. कंप्रेसरचा गेज फक्त हवा आहे की नाही हे पाहण्यासाठी असेल, तर त्याला ‘केवळ सूचक’ असा वेगळा गट द्यावा. मात्र तोही यादीत असलाच पाहिजे, नाही तर तो सुटला की मुद्दाम वगळला, हे पुढच्या माणसाला कळत नाही.

ज्या वजनकाट्यावर माल विकला जातो, त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. तो शिक्का कायद्याच्या पूर्ततेसाठी आहे आणि कॅलिब्रेशन प्रमाणपत्र वेगळे असते. त्यामुळे काट्याच्या ओळीत दोन्हींची मुदत स्वतंत्र लिहावी.

2. क्रमांक असा द्या की तो कधी बदलावा लागणार नाही

क्रमांक उपकरणाच्या शरीराचा असतो. तो जागेचा, विभागाचा किंवा वापरणाऱ्याचा नसतो. आमच्या जुन्या पद्धतीत ‘सीएनसी-2/01’ अशा प्रकारचे क्रमांक होते. मायक्रोमीटर दुसऱ्या मशीनवर गेला की एक तर क्रमांक खोटा ठरायचा, नाही तर नवा द्यावा लागायचा, आणि नवा दिला की जुन्या तपासणी नोंदींशी असलेले नाते तुटायचे. म्हणून प्रकाराची अक्षरे आणि तीन अंकी चढता क्रमांक एवढेच ठेवले: व्हर्नियरसाठी `VC-001`, मायक्रोमीटरसाठी `MM-001`. रेंज, लीस्ट काउंट, जागा आणि उत्पादकाचा सीरियल क्रमांक हे सर्व रजिस्टरच्या वेगळ्या रकान्यांत जाते.

अक्षरे ठरवताना सर्व प्रकार एकदाच समोर मांडा. आम्ही प्लग गेजला `PG` दिले आणि दोन महिन्यांनी प्रेशर गेज नोंदवताना लक्षात आले की तेही `PG` होतात. डायल गेज आणि डेप्थ गेज यांचेही असेच होते. शेवटी प्लगला `PLG` आणि प्रेशरला `PRG` केले, पण तोवर कोरलेले नऊ प्लग गेज पुन्हा कोरावे लागले.

भंगारात गेलेल्या किंवा हरवलेल्या उपकरणाचा क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नका. `MM-003` मोडला तर नवा येणारा `MM-009` होईल, आणि `MM-003` ची ओळ ‘रद्द’ अशा नोंदीसह रजिस्टरमध्ये कायम राहील. मागच्या वर्षीच्या तपासणी अहवालात `MM-003` लिहिलेले असते, आणि ते नाव दोन वेगळ्या वस्तूंचे झाले तर तो अहवाल निरर्थक होतो. स्लिप गेजच्या पेटीला एकच क्रमांक पुरतो, कारण प्रत्येक तुकड्यावर त्याचे माप असतेच. दुतोंडी प्लग गेजला मात्र आम्ही `PLG-012A` आणि `PLG-012B` असे दोन भाग दिले. त्याची गो बाजू प्रत्येक भोकात जाते म्हणून लवकर झिजते, आणि ती एकटीच बदलली जाते.

क्रमांक कोरताना मोजणाऱ्या पृष्ठभागापासून आणि सरकणाऱ्या कडांपासून दूर राहावे. व्हर्नियरवर बीमच्या मागच्या बाजूला आणि मायक्रोमीटरवर फ्रेमवर जागा मिळते. कोरण्याचे काम कॅलिब्रेशनला पाठवण्यापूर्वी उरकावे, नंतर नाही.

3. दोन शीट ठेवा: एक यादी, एक इतिहास

बहुतेक ठिकाणी एकाच शीटमध्ये एका उपकरणाची एक ओळ असते आणि नवे प्रमाणपत्र आले की जुनी तारीख खोडून नवी लिहिली जाते. यामुळे मागच्या वेळी त्रुटी किती होती हे पुसले जाते, आणि मुदत वाढवायची की कमी करायची हे ठरवायला आधारच उरत नाही. म्हणून `Master` शीटमध्ये प्रत्येक उपकरणाची एकच ओळ ठेवावी आणि `History` शीटमध्ये प्रत्येक कॅलिब्रेशनची नवी ओळ खाली जोडत जावी.

`Master` मधले रकाने असे: A क्रमांक, B प्रकार व रेंज, C उत्पादकाचा सीरियल, D जागा, E स्वीकार मर्यादा, F मुदत महिन्यांत, G अवस्था, H शेवटचे कॅलिब्रेशन, I देय दिनांक, J स्थिती. `History` मध्ये A क्रमांक, B कॅलिब्रेशनचा दिनांक, C लॅब, D प्रमाणपत्र क्रमांक, E आढळलेली कमाल त्रुटी आणि F निकाल. `Master` च्या H, I आणि J या रकान्यांत हाताने काहीही लिहायचे नाही, तिथे अनुक्रमे ही सूत्रे असतात:

```
=MAXIFS(History!B:B,History!A:A,A2,History!F:F,"OK")
=IF(H2=0,"",EDATE(H2,F2)-1)
=IF(G2<>"वापरात",G2,IF(H2=0,"कॅलिब्रेशन नाही",IF(I2<TODAY(),"मुदत संपली",IF(I2-TODAY()<=30,"पाठवा","वैध"))))
```

पहिल्या सूत्रात `"OK"` ही अट मुद्दाम घातलेली आहे. ती नसेल, तर मर्यादेबाहेर गेलेले उपकरणही केवळ लॅबला जाऊन आले म्हणून सहा महिन्यांसाठी ‘वैध’ दिसू लागते. या अटीची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. कॅलिब्रेशन मुदत संपण्यापूर्वी झाले आणि उपकरण नापास झाले, तर सूत्र मागच्या पास तारखेला धरून राहते आणि जुनी मुदत संपेपर्यंत ‘वैध’ दाखवते. म्हणून नापास निकाल नोंदवताना त्याच क्षणी G मधली अवस्था ‘वापरात’ वरून ‘बंद’ करावीच लागते. आम्ही हे वाक्य `History` शीटच्या माथ्यावर लाल अक्षरांत लिहून ठेवले आहे.

`MAXIFS` एक्सेलच्या 2019 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत चालते. तारखांची एक अडचण सर्वांनाच येते: कोणी 13.05.2025 अशी टिंबे देऊन तारीख लिहिली, तर एक्सेल अनेकदा तिला तारीख न मानता मजकूर मानते, आणि सूत्र त्या ओळीकडे निमूट दुर्लक्ष करते. शंका आली की रिकाम्या रकान्यात `=ISNUMBER(B2)` लिहून पाहा. `FALSE` आले, तर ती तारीख नाही.

4. मुदत तुम्ही ठरवायची, लॅबने नाही

नवख्या माणसाला वाटते की पुढची तारीख प्रमाणपत्रावर छापलेली असेल. लॅबसाठी असलेल्या आयएसओ/आयईसी 17025 या मानकानुसार, ग्राहकाशी तसे ठरलेले नसेल तर प्रमाणपत्रावर किंवा लेबलवर पुढच्या मुदतीची शिफारस लिहायची नसते. हे योग्यच आहे, कारण तुमचा मायक्रोमीटर दिवसाला दहा वेळा वापरला जातो की पाचशे वेळा, हे लॅबला कळणार नाही.

आमची सुरुवात अशी होती: रोजच्या वापरातले मायक्रोमीटर आणि गो गेज सहा महिने, व्हर्नियर आणि प्रेशर गेज बारा महिने, कपाटात राहणारी स्लिप गेजची पेटी चोवीस महिने. त्यानंतर `History` मधल्या त्रुटी बघून बदल केला. लागोपाठ तीन प्रमाणपत्रांत त्रुटी आमच्या स्वीकार मर्यादेच्या निम्म्याच्या आत राहिली, तर मुदत दीडपट करतो, आणि एकदाही मर्यादा ओलांडली तर निम्मी करतो. हा आमचा नियम आहे. तुमचा वेगळा असू शकतो, पण तो लिहून ठेवलेला असावा.

देय दिनांक नेहमी कॅलिब्रेशन ज्या दिवशी झाले त्या दिवसापासून मोजावा. प्रमाणपत्र देण्याचा दिनांक कधी कधी आठ-दहा दिवस नंतरचा असतो आणि तो ठळक छापलेला असल्यामुळे चुकून तोच नोंदवला जातो. दुसरे असे की स्टिकरवरच्या दिवशी उपकरण वापरता येते की नाही, यावर वाद होतो. वरच्या सूत्रात एक दिवस वजा केला आहे तो यासाठीच: 12 मार्च 2025 ला कॅलिब्रेशन आणि सहा महिन्यांची मुदत असेल, तर देय दिनांक 11 सप्टेंबर 2025 येतो आणि तो वापराचा शेवटचा दिवस धरायचा.

सर्व मायक्रोमीटर एकाच आठवड्यात देय होतील अशी मांडणी करू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी तसे झाले आणि चार दिवस एकाच मायक्रोमीटरवर तीन मशीन चालवाव्या लागल्या. पहिल्या फेरीत काही उपकरणे मुदतीआधीच पाठवली, की तारखा आपोआप विखुरतात.

5. लॅबला पाठवताना चलनात काय लिहावे

चलनात आपला क्रमांक, सीरियल क्रमांक, रेंज आणि कोणत्या मापांवर तपासणी हवी हे लिहावे. आपला क्रमांक लिहिला नाही, तर प्रमाणपत्रावर फक्त सीरियल येतो आणि तो झिजलेला असेल तर पुन्हा पहिलाच गोंधळ होतो. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे एवढे पाहून थांबू नका. तुमच्या उपकरणाचा प्रकार आणि रेंज त्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, हेही पाहा.

सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र ही: ‘उपकरण ज्या स्थितीत आले त्या स्थितीतील वाचने आधी नोंदवावीत, शून्य जुळवू नये.’ अनेकदा लॅबमधला तंत्रज्ञ आधी मायक्रोमीटर पुसतो, शून्य जुळवतो आणि मग वाचने घेतो. प्रमाणपत्र स्वच्छ येते, पण उपकरण तुमच्याकडे असताना चुकीचे दाखवत होते की नाही, ही माहिती कायमची जाते.

प्रमाणपत्र आले की त्यावरचा क्रमांक उपकरणावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा, आणि त्रुटी आपल्या स्वीकार मर्यादेशी. मागितल्याशिवाय लॅब बहुधा पास-नापास लिहीत नाही. तो निर्णय आपण घ्यायचा असतो आणि प्रमाणपत्रावर सही करून तो नोंदवायचा असतो.

6. स्टिकरवर चार गोष्टी, त्याहून जास्त नाही

स्टिकरवर क्रमांक, कॅलिब्रेशनचा दिनांक, देय दिनांक आणि सही पुरते. महिना अक्षरांत लिहावा, कारण 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे हातातल्या स्टिकरवरून कळत नाही. कागदी स्टिकर कूलंटमध्ये आठवडाभरही टिकत नाही. पॉलिस्टर स्टिकरवर पारदर्शक फिल्म लावली, की आमच्याकडे तो सहा महिने वाचता येतो. तरीही तो निघू शकतो हे गृहीत धरूनच क्रमांक धातूवर कोरलेला असतो: स्टिकर स्थिती सांगतो, ओळख सांगण्याचे काम कोरलेल्या क्रमांकाचे.

रंग तीनच ठेवले. हिरवा म्हणजे वैध, लाल म्हणजे वापरू नये, पांढरा म्हणजे केवळ सूचक. पिवळा रंग मर्यादित वापरासाठी अनेक ठिकाणी असतो. तो वापरायचाच असेल, तर कोणत्या रेंजमध्ये वापर चालेल हे स्टिकरवरच लिहा, नुसत्या पिवळ्या रंगावरून कामगाराने काय समजायचे हे त्याला कळत नाही. लहान प्लग गेजवर स्टिकर बसत नाही, म्हणून तो त्याच्या डबीवर लावावा.

लाल स्टिकर लावलेले उपकरण कपाटात कुलूपबंद झालेच पाहिजे. घाईच्या वेळी लाल स्टिकर कोणी वाचत नाही.

7. उपकरण मर्यादेबाहेर निघाले तर: `MM-004` चे प्रकरण

`MM-004` हा 0 ते 25 मिमी रेंजचा, 0.001 मिमी लीस्ट काउंटचा डिजिटल मायक्रोमीटर. आमची स्वीकार मर्यादा ±0.004 मिमी. 12 मार्च 2025 ला तो पास झाला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला लॅबला गेला, तेव्हा आलेल्या स्थितीतील वाचने प्रत्येक मापावर 0.009 मिमीने कमी निघाली.

त्रुटी सर्व मापांवर सारखीच होती, यावरून कारणाचा पत्ता लागला. स्क्रू झिजला असता, तर ती मापागणिक बदलली असती. चौकशी केली तेव्हा कळले की ऑगस्टमध्ये बॅटरी बदलली होती आणि शून्य जुळवताना दोन्ही फेस पुसले नव्हते. मधे राहिलेल्या बारीक कचऱ्याच्या जाडीइतके शून्य सरकले.

आता माल. पिनचा व्यास 11.970 ते 12.000 मिमी हवा होता. मायक्रोमीटर 0.009 कमी दाखवत असल्याने 11.991 पर्यंत वाचन असलेल्या पिना प्रत्यक्षात 12.000 च्या आत होत्या आणि 11.992 ते 12.000 वाचन असलेल्या पिना प्रत्यक्षात 12.001 ते 12.009 होत्या, म्हणजे जाड. तपासणीच्या प्रत्येक कागदावर उपकरणाचा क्रमांक लिहायची सवय लावलेली होती, म्हणून `MM-004` ने पास केलेले लॉट शोधायला अर्धा तास लागला.

मार्चपासूनचे सर्व लॉट संशयित धरावे लागले असते, पण दर महिन्याला आम्ही 10 मिमी स्लिप गेजवर मायक्रोमीटर पडताळून त्याची नोंद ठेवतो. 5 ऑगस्टच्या नोंदीत वाचन 9.999 होते, त्यामुळे त्यानंतरचे तीनच लॉट उरले. दोन आमच्या स्टोअरमध्ये होते, ते `MM-002` ने पुन्हा मोजून जाड पिना वेगळ्या केल्या. तिसरा रवाना झालेला होता. ग्राहकाला त्याच दिवशी लेखी कळवले आणि त्यांनी तो वापरण्यापूर्वी छाटून घेतला.

या प्रकरणानंतर रजिस्टरमध्ये दोन बदल केले. `MM-004` ची मुदत नियमाप्रमाणे तीन महिने झाली, आणि ‘बॅटरी बदलली’ किंवा ‘खाली पडला’ अशी कोणतीही घटना घडली की त्याच दिवशी स्लिप गेजवर पडताळणी करून ती `History` मध्ये नोंदवायची असे ठरले. या ओळीच्या निकालाच्या रकान्यात `OK` ऐवजी ‘पडताळणी’ लिहायचे, म्हणजे देय दिनांक पुढे ढकलला जात नाही.

8. महिन्यातून एकदा उलट दिशेने तपासा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात J रकान्यात ‘पाठवा’ आणि ‘मुदत संपली’ असलेल्या ओळी गाळून घ्याव्यात आणि त्या उपकरणांची पाठवणी ठरवावी. त्याच दिवशी शॉप फ्लोअरवर जाऊन हाताला येतील ती पाच उपकरणे उचलावीत आणि कोरलेल्या क्रमांकावरून रजिस्टरची ओळ, तिथून प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रावरून पुन्हा सीरियल क्रमांक असा फेरा पूर्ण करून पाहावा. आमच्या अशा एका फेरीत दोन व्हर्नियरचे स्टिकर अदलाबदल झालेले सापडले: दोन्ही एकाच वेळी लॅबमधून आले होते आणि एकाच टेबलावर स्टिकर लावले गेले होते. दोन्ही वैध होते, म्हणून संगणकावर काहीच चूक दिसत नव्हती. तेव्हापासून स्टिकर लावणारा माणूस आधी कोरलेला क्रमांक मोठ्याने वाचतो आणि शेजारचा माणूस स्टिकरवरचा क्रमांक वाचून दाखवतो, मगच स्टिकर चिकटतो.